सांगलीच्या ऑफिसापुरती मराठी

बदल्यांची यादी आली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मोबाइलवर ती उघडेना. रेंज मिळावी म्हणून वर गेले, खाली आले, शेवटी खिडकीपाशी उघडली. माझं नाव कुठेच नव्हतं. सांगली मात्र होती. तिच्यासमोर माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचं नाव होतं, प्रमोशनसह.

नवरा रेल्वेत इंजिनियर. आम्ही लखनौला आलो ते त्याच्याच बदलीमुळे, आणि मग माझं खातं कसंबसं मला त्याच्या मागे इथे घेऊन आलं. वर्षभरापूर्वी त्याची मिरजेला बदली झाली. मी आणि मुलगी इथेच, विकास नगरच्या भाड्याच्या घरात राहिलो. मुलगी अकरावीत होती. मिरज माझं माहेर, आणि आमच्या खात्याचं सांगलीचं छोटं ऑफिस तिथून अर्ध्या तासावर. एवढी सरळ गोष्ट होती. मी दोनदा अर्ज केला होता. आता ती जागा भरली होती, आणि ज्यांना मिळाली त्यांना ती नको होती.

ते ओडिशाचे. वय चाळिशीच्या आसपास, कामाला चोख, आणि बोलताना अडखळायचे. कधीमधी नव्हे, कायमच. 'क', 'ग', 'त', 'प', 'ब' यांनी सुरू होणारा शब्द आला की ओठ किंवा जीभ जागच्या जागी थांबायची. मान थोडी पुढे यायची, डोळे मिटायचे, आणि मग शब्द बाहेर पडायचा किंवा पडायचाच नाही. लखनौचे लोक फार अदबीचे. कुणी हसायचं नाही. पण त्यांचं वाक्य हमखास दुसरंच कुणीतरी पूर्ण करून टाकायचं, तेही 'जी, जी, समझ गया' म्हणत. त्यांना ते हसण्याहून जास्त लागायचं, हे मला नंतर कळलं.

यादी आली त्या दुपारी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अलीगंजच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "वो जाएँगे थोड़े ही. प्रमोशन छोड़ देंगे. आप आज ही अर्ज़ी डाल दीजिए."

मला ते माहीत होतं. प्रमोशनला लेखी नकार दिला की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, एवढंच. पण त्यांची जागा मोकळी राहते. आणि मी त्या हुद्द्यावर आधीच होते. बाईंनी लोणच्याची फोड माझ्या पोळीवर ठेवली आणि मी ती न खाताच डबा बंद केला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. टेबलावर दहा मिनिटं बसलं की मी पाणी प्यायला उठायची, परत यायची, पुन्हा उठायची.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. आमचं बोलणं हिंदीतच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितेय, अडखळणं मात्र सगळं लिहीत नाही, कारण लिहिलेलं अडखळणं वाचायला थट्टेसारखं वाटतं.

"मॅडम," ते म्हणाले, "मला मराठी शिकवाल?"

"मराठी? सगळी?"

"नाही. सकाळी ऑफिसात शिरल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत माणसाला माणसाशी जे बोलावंच लागतं, तेवढीच. नमस्कार-चमत्कार. पाच गोष्टी. त्या जमल्या तर मी जाईन. नाही जमल्या तर नकार लिहून देईन."

"सांगलीत सगळ्यांना हिंदी येतं," मी म्हटलं. हे खरं होतं, पण मी ते जरा घाईनेच म्हटलं.

"हिंदीत माझ्याकडे एका शब्दाला तीन शब्द आहेत. एक अडला की मी दुसरा वापरतो. तुम्हाला ते कळतही नाही. लोक माझ्याशी मराठीत बोलायला लागले की माझ्याकडे एकच शब्द असेल. तो अडला तर मी त्याच्यासमोर उभाच राहणार."

एवढं बोलायला त्यांना खूप वेळ लागला. मी एकही शब्द पुरवला नाही. पुरवावासा वाटला, दोनदा तोंडापर्यंत आला, पण टेबलाची कड धरून गप्प राहिले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गच्चीवर जायला लागलो. जानेवारीचे दिवस. सकाळचं धुकं दुपारी विरायचं आणि गच्चीवर कोवळं ऊन पडायचं. बाकीचे लोक कोपऱ्यात शेंगदाणे सोलत बसायचे. आम्ही चालायचो, कारण चालताना त्यांना बोलणं सोपं जायचं. पावलांचा ठेका मिळतो, असं ते म्हणाले. मलाही ते बरं होतं, मला बसवत नव्हतंच.

पहिली गोष्ट सोपी गेली. 'नमस्कार' ओडियातही आहेच. 'न' त्यांना फारसा अडत नाही. उत्तरही नमस्कारच, आणि समोरचा दारात उभा असेल तर पुढे 'या'.

"फक्त 'या'? आओ?"

"आइए. मानाचं आहे ते. 'ये' म्हणालात तर घोटाळा होईल."

'या' त्यांना फार आवडलं. इतका छोटा शब्द, आणि अडायला काही नाही. गच्चीच्या दाराशी कुणी आलं की ते मनातल्या मनात म्हणताहेत हे त्यांच्या ओठांवरून कळायचं.

दुसऱ्याला मात्र अडलो. मी सांगितलं, 'कसे आहात?' म्हणायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि 'क' बाहेर येईना. चार पावलं गेली, सहा गेली. ते थांबले, मीही थांबले. शेवटी त्यांनी मान हलवली.

"हे नाही. दुसरं द्या."

मी विचार करत राहिले. 'कसं काय?' तेही 'क'. 'काय म्हणता?' पुन्हा 'क'. 'बरं आहे ना?' म्हटलं तर 'ब'. जन्मभर बोलत आलेल्या भाषेत मी पहिल्यांदाच शब्दांची पहिली अक्षरं तपासत होते. मग सुचलं, 'मजेत ना?'

"म… मजेत ना?"

आलं. 'म' ओठ मिटूनच गुणगुणत सुरू करता येतो, हे त्यांनीच मला दाखवलं. उत्तर 'मजेत' हेच. पण पुढे 'तुम्ही?' म्हणायचं तर 'त'. मग मी 'आपण?' दिलं. आमच्याकडे ऑफिसात 'आपण' म्हणजे जरा ताठ वाटतं, पण बाहेरच्या माणसाच्या तोंडी चालून जातं.

"पण समोरचा मला 'मजेत ना' असंच विचारेल का?"

"नाही. तो वाट्टेल ते विचारेल. काय म्हणता, कसं काय, बरं आहे का, काय विशेष. सगळ्याला एकच उत्तर, मजेत."

"'काय म्हणता' म्हणजे 'क्या कहते हैं' ना? मग मी काय म्हणतोय ते सांगायचं नाही?"

"अजिबात नाही. त्याला ते ऐकायचंच नसतं."

ते मोठ्याने हसले. हसताना ते कधीच अडायचे नाहीत.

तिसरं जेवणाचं. दुपारी दोनच्या पुढे आमच्याकडच्या ऑफिसात कुणीही कुणालाही भेटलं तरी हेच विचारतं. 'जेवलात का?' त्यांना जमलं असतं, पण 'झालं का जेवण?' मी मुद्दाम निवडलं. कारण 'झालं'मधला आमचा 'झ' दातांशी घासून येतो, लांबवता येतो. त्यांनी आधी हिंदीतल्या झाडूचा 'झ' लावला आणि तिथे अडले. मी म्हटलं, "जीभ टाळूला लावू नका. दातांमागे ठेवा आणि हवा सोडा. मधमाशीसारखी." ओडियात हा आवाज नाही म्हणे. एक अख्खी दुपार ते गच्चीवर मधमाशी करत फिरले. कोपऱ्यातले लोक शेंगदाणे खायचे थांबून बघत होते. मग एकाएकी आलं, "झालं का जेवण?" एकही अडथळा नाही, 'का'सुद्धा 'झालं'ला चिकटून निघून गेला.

"हो, झालं. तुमचं?" मी सवयीने म्हटलं.

ते म्हणाले, "हो, झालं. आपलं?"

"अहो, आता मी विचारलं ना, तुम्ही फक्त सांगायचं. विचारायचं ते सुरुवातीलाच."

"विचारलंच की."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही दोघंही न जेवता गच्चीवर आलो होतो आणि एकमेकांना झालं, झालं म्हणत होतो.

चौथं आभारांचं. 'धन्यवाद' अडला. 'आभारी आहे' आलं. मी त्यांना सांगितलं की आम्ही एकमेकांचे आभार फार मानत नाही, कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर नुसती मान हलवतो. नव्या माणसाने म्हटलेलं मात्र छान दिसतं. आणि तुमचे कुणी आभार मानले तर 'असू दे' म्हणा.

"असू दे," ते म्हणाले. "म्हणजे 'रहने दीजिए'?"

"हो. तसंच."

पाचवं निघतानाचं. मी समजावायला सुरुवात केली की आम्ही जाताना जातो म्हणत नाही. त्यांनी मला मध्येच थांबवलं. एरवी ते कुणाला मध्ये थांबवायचे नाहीत.

"आम्हीपण 'आसुछी'च म्हणतो. येतोय. जातोय म्हटलं तर माझी आई चिडायची."

मग शिकवण्यासारखं उरलंच नाही. मी फक्त म्हणून दाखवलं, "येते हं."

"येते हं," ते म्हणाले.

"तुम्ही 'येतो'. मी बाई आहे म्हणून 'येते'."

"क्रियापदात बाई-पुरुष?" त्यांनी कपाळाला हात लावला. ओडियात तसं नसतं, हिंदीतही त्यांची तिथेच गडबड व्हायची. नंतरही कितीतरी वेळा ते 'येते'च म्हणायचे, कारण ऐकलेलं माझ्या तोंडून होतं. उत्तर मात्र दोघांनाही एकच, 'या'. तो शब्द पुन्हा कामाला आला म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

आणि एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. एकदा बोलता बोलता मी 'वेळ' म्हटलं, आणि त्यांनी तो शब्द जसाच्या तसा परत म्हटला. लखनौत इतकी वर्षं माझ्या माहेरच्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला होता. माझ्या मुलीलासुद्धा तो नीट येत नाही. मी त्यांना म्हटलं, पुन्हा म्हणा. वेळ, सकाळ, फळ. त्यांचा 'ळ' मिरजेच्या मंडईतल्या माणसासारखा होता. ओडियात 'ळ' असतो म्हणे, त्यात काय एवढं, असा त्यांचा चेहरा. मी कठड्याकडे तोंड करून उभी राहिले. खाली रस्त्यावर रिक्षा अडकल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मला मिरजेची इतकी आठवण आली की हातपाय हलवल्याशिवाय राहवेना, आणि मी पुन्हा चालायला लागले.

घरी मुलीला सांगितलं. ती माझं मराठी सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते. मॅगी ढवळत ती म्हणाली, "मम्मी, आप उनको सिखा रही हो या भेज रही हो?"

"शिकवतेय."

"तो फिर पापा के पास हम कब जाएँगे?"

नवऱ्याने फोनवर वेगळ्या शब्दांत हेच विचारलं. तो भांडणारा माणूस नाही. म्हणाला, "तू शिकव गं. पण त्यांचा नकार आला तर अर्ज त्याच दिवशी टाक. दुसरं कुणी टाकेल." मी 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर घरातल्या घरात फिरले, गॅस पुसला, तो स्वच्छच होता.

होकार-नकार कळवायची मुदत जवळ आली. सांगलीच्या ऑफिसला फोन करून विचारायच्या काही गोष्टी होत्या. क्वार्टर आहे का, जॉइन कधीपर्यंत व्हायचं. ते मला म्हणाले, "तुम्ही कराल फोन?" फोन म्हणजे त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. समोरच्याला चेहरा दिसत नाही, अडलेला माणूस आणि कटलेला फोन सारखाच ऐकू येतो.

मी केला. गच्चीवरूनच. पलीकडे एक वयस्क आवाज होता, तिथले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क.

"नमस्कार, लखनौ ऑफिसातून बोलतेय."

"लखनौ? आणि मराठी बोलताय? कुठल्या तुम्ही?"

"मिरजेची."

"अवो, मग तुम्हीच या की इकडं! ऑर्डर कुणा ओडिशावाल्याची निघालीया म्हणं. काय करायचं त्यांनी हितं?"

ते सहज बोलले होते. पण कानात तो आमच्याकडचा हेल शिरला आणि मला पुढे काय विचारायचं तेच सुचेना. क्वार्टरचं विचारलं. नाही म्हणाले, भाड्याने बघावं लागेल. मी म्हटलं, ते साहेब इथेच आहेत, त्यांच्याशी बोला. आणि फोन त्यांच्या हातात दिला. पाच गोष्टी पाठ झाल्या होत्या, गच्चीवर एकही अडत नव्हती.

त्यांनी फोन कानाला लावला. 'न' आला आणि तिथेच थांबला. जो 'न' सहसा अडायचा नाही, तो. मान पुढे आली, डोळे मिटले. मला पलीकडचं ऐकू येत होतं, "हॅलो? हॅलो? आवाज येत न्हाई. हॅलो?" आणि मग फोन बंद झाला.

ते फोन माझ्या हातात देऊन खाली निघून गेले. मी जिन्यात गाठलं तेव्हा म्हणाले, "सोमवारी नकार देतो. तुमचा वेळ घेतला." 'वेळ' तेवढा मराठीत म्हणाले.

तो शनिवार-रविवार मी कसा काढला ते नीट आठवत नाही. भाजी आणायला इंदिरा नगरला गेले, आमच्या इथे मिळत असताना. कशासाठी, तर चालावं म्हणून. अर्ज मोबाइलवर लिहून तयार होता. फक्त पाठवायचा होता. तो मी उघडायची, वाचायची, बंद करायची. खोटं कशाला सांगू, मला आनंद होत होता. आणि त्या आनंदाच्या मागे सतत ते 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं. माणूस फोनवर होता, आणि पलीकडच्याला वाटलं, कुणीच नाही.

सोमवारी मी त्यांच्या आधी पोचले. ते आल्या आल्या म्हटलं, "मी सांगलीला पुन्हा फोन करू का? बडेबाबूंना सांगते, बोलायला वेळ लागतो, फोन ठेवू नका."

त्यांचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. आणि बराच वेळ अडून, पण थांबून, शब्द न बदलता पुढे म्हणाले, "लहानपणापासून माझ्या वतीने दुसरं कुणीतरी बोलतंय. शाळेत हजेरीला शेजारचा मुलगा माझी हजेरी द्यायचा. 'प्रेझेंट' 'प'ने सुरू होतं. तुम्ही सांगितलंत तर मी तिथे पोचायच्या आधीच अडखळणारा माणूस म्हणून पोचणार."

"पोचणार म्हणजे?" मी विचारलं. "जाताय का?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, "गच्चीवर चला. फोन मी लावतो. तुम्ही लांब उभ्या राहा."

धुकं होतं अजून. गच्चीवर कुणी नव्हतं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. त्यांनी नंबर लावला आणि चालायला सुरुवात केली. पलीकडे फोन उचलला असावा, कारण त्यांची मान पुढे आली. पावलं चालूच होती. अडलं. पण या वेळी ते गप्प अडले नाहीत. 'न'चा आवाज त्यांनी चालूच ठेवला. नननन, असा लांब, ऐकू येईल असा. पलीकडच्याला कळेल की इथे माणूस आहे. आणि मग, "नमस्कार."

थोडा वेळ गेला. धुक्यातून त्यांचा आवाज पुन्हा आला, "मजेत ना?"

ते थबकले. मग वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहून फोन स्पीकरवर टाकला. बडेबाबू हसत होते, "मजेत, मजेत! तुम्ही कसं काय?"

"म… मजेत," हे म्हणाले. "झालं का जेवण?"

सकाळचे अकराही वाजले नव्हते. पलीकडे हशा. "अवो सायेब, आत्ता तर च्या झाला. जेवायला येळ हाय. तुम्ही या, मग जेवू." पुढचं सगळं हिंदीत झालं, अडत अडत. बडेबाबू मध्ये बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "सावकाश बोला, गडबड न्हाई." हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "येते हं."

"या, या," पलीकडून आलं, आणि कदाचित त्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलंही.

"येतो!" मी टाकीजवळून ओरडले. "येतो!"

फोन बंद झाला होता. ते कठड्याला टेकून उभे राहिले. कपाळ घामाने ओलं होतं, जानेवारीत. मी जवळ गेले तर म्हणाले, "उत्तर आलं. मी विचारलं आणि जे उत्तर येणार असं तुम्ही सांगितलं होतं, तेच आलं." त्यांना याचंच जास्त नवल वाटत होतं.

मी म्हटलं, "छान झालं."

मी ते मनापासून म्हटलं. आणि जिना उतरताना मोबाइलवरचा तो अर्ज पुन्हा उघडून वाचला, तेही तितकंच खरं. अलीगंजच्या बाईंनी संध्याकाळी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, ते चाललेत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आप भी ना." मग त्यांनी माझा हात धरला, थोडा वेळ. मी मोबाइलवरचा अर्ज पुसून टाकला नाही. तसाच ठेवला, बदलीचं ठिकाण कोरं करून.

ते गेले. निघायच्या दिवशी ऑफिसात समोसे आले, साहेबांनी दोन शब्द सांगितले, त्यांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहून 'आभारी आहे' एवढंच म्हणाले. लखनौच्या लोकांना ते कळलं नाही, पण टाळ्या जोरात वाजल्या. समोरचं टेबल रिकामं झालं. तिथे एक मुलगी आली, झाशीची, दिवसभर कानात इअरफोन.

मार्चमध्ये एका रविवारी नवऱ्याचा फोन आला. त्याने त्यांना मिरजेला जेवायला बोलावलं होतं. मीच दोघांचे नंबर एकमेकांना दिले होते.

"कसे आहेत?"

"बरे आहेत. ऑफिसात अर्धे लोक हिंदीतच बोलतात, म्हणाले, पण सकाळी ते स्वतःच आधी नमस्कार करतात. सगळ्यांच्या आधी पोचून दारात उभे राहतात म्हणे, म्हणजे वेळ मिळतो." मग म्हणाला, "अगं, मी दार उघडलं ना, तर ते म्हणाले, 'झालं का जेवण?' मी म्हटलं, अहो तुम्हाला जेवायलाच बोलावलंय. पण त्यांनी ते असं म्हटलं… 'झालं'वर असा हेल काढून…" त्याने तो काढून पाहिला. "तू म्हणतेस तसं. अगदी तुझ्यासारखं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे ताटवाट्यांचा आवाज येत होता, ते सहकारी भांडी आत नेऊन ठेवत असावेत. नवऱ्याने विचारलं, बोलतेस का त्यांच्याशी. मी म्हटलं, दे.

त्यांना वेळ लागला. मी वाट पाहिली. नमस्कार झाला, मजेत झालं. मग ते मराठीतच काहीतरी म्हणायला लागले, पाचांच्या बाहेरचं, आणि अडले. वाक्य सोडून दिलं नाही. इकडे मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. शेवटी आलं, "तुमची मिरज छान आहे."

'तुमची' 'त'नेच सुरू झालं होतं.

"हो ना," मी म्हटलं.

पुढची यादी जूनमध्ये येईल असं म्हणतात. कुणी म्हणतं जुलै. मुलीची परीक्षा संपलीय, ती दुपारभर पंख्याखाली पडून असते आणि मला म्हणते, मम्मी, बैठ जाओ ना थोड़ी देर. मी बसते. मग बाहेर सब्जीवाल्याची हाक येते, आणि घरात भाजी असली तरी मी उठून गॅलरीत जाते.